तीनशे पानांचा अंदाज : मार्गशीर्षातल्या एका गुरुवारचं प्रकरण

पार्श्वभूमी

साताऱ्यात माझा केटरिंगचा व्यवसाय आहे. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरमध्ये एका रिसेप्शनचं काम आलं. लग्न बुधवारी दुपारी कोल्हापूरला, नवरीकडे. रिसेप्शन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साताऱ्यात, नवऱ्या मुलाकडे. मुलाचे वडील सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, हिशेबाला पक्के. आई सगळ्यांना धरून राहणारी, कॉलनीत तीस वर्षं काढलेली. त्यांना मी वहिनी म्हणत होतो.

पहिल्या भेटीत काकांनी वही पुढे केली. वर लिहिलं होतं, ‘पाहुणे ३००’. खाली तेवीस पदार्थ. गोडाचे चार, भाताचे तीन, भाज्या तीन, शिवाय चाट, डोसा, पावभाजी, मंचुरियन, सूप. “तीनशेचं करा. दहा-वीस जास्त झाले तर चालेल, कमी पडायला नको,” काका म्हणाले.

कमी पडण्याची ही भीती मला समजते. लग्नघरात एखाद्याच्या पानात वाढायला काही उरलं नाही, तर ती गोष्ट वीस वर्षं सांगितली जाते. पण तीनशे गुणिले तेवीस असा हिशेब धरला, तर एकीकडे पातेली भरून उरतात आणि दुसरीकडे नेमका हवा असलेला पदार्थ संपतो. या कार्यात मी माणसांचा आकडा जवळपास बरोबर काढला. तरी एक पदार्थ संपलाच. तो का संपला, हे सांगण्यासाठी हे सगळं लिहितो आहे.

अडचण

‘तीनशे’ म्हणजे नेमकं काय, हा पहिला प्रश्न. कुणाच्या यादीत तीनशे पत्रिका असतात, कुणाच्या यादीत तीनशे माणसं. पत्रिकेवर ‘सहकुटुंब’ लिहिलं की एका नावाची चार पानंही होतात आणि एकही होत नाही. काकांनी माणसं मोजली होती, ही जमेची बाजू. पण बोलावलेली माणसं मोजली होती, येणारी नव्हेत.

दुसरा प्रश्न पदार्थांचा. लोकांना वाटतं, पदार्थ वाढवले की प्रत्येक पदार्थ थोडाथोडाच लागेल आणि एकूण तेवढंच राहील. तसं होत नाही. पोट तेवढंच असतं, पण बुफेत माणूस प्रत्येक पदार्थ ‘बघू तरी’ म्हणून घेतो. माझ्या अनुभवात एका गोडासोबत दुसरं गोड ठेवलं, तर पहिल्याचा खप निम्मा होत नाही. तो फार तर एक तृतीयांशाने उतरतो. चार गोड ठेवले की प्रत्येक पानात चारही येतात, दोन खाल्ले जातात आणि दोन खरकट्यात जातात.

तिसरी गोष्ट दिवसाची. तो मार्गशीर्षातला गुरुवार होता. हे मला पहिल्याच दिवशी माहीत होतं, आणि मी त्याचा विचारही केला. पण उलटा केला.

यादीची चाळणी

मी काका आणि वहिनींना समोर बसवून यादीचे पाच गट केले. या बैठकीला दीड तास लागतो आणि तो वाचवायच्या फंदात पडू नये.

घरचे आणि मुक्कामाला असलेले ७५. हे सगळे जेवणार. नवरीकडचे ४५, बसने येणार, म्हणजे बस भरली की तेवढे नक्की. गावाकडची भावकी ६०. यातले बरेच जण आदल्या दिवशी कोल्हापूरला लग्नाला जाऊन आलेले असणार, पुन्हा दुसऱ्या दिवशी साताऱ्याला किती जण येतील? वहिनींनी एकेका घराचं नाव घेतलं आणि आम्ही ४० धरले. कॉलनीतले ६०, त्यातले ५० तर येतातच, चालत पाच मिनिटांवर हॉल. काकांचे जुने सहकारी आणि मुलाचे मित्र मिळून ६०. कामाचा दिवस, पुण्याहून निघणारे काही, म्हणून ४५.

बेरीज २५५ झाली. काकांचा चेहरा जरा उतरला. तीनशे बोलावले आणि पंचेचाळीस येणार नाहीत, हे ऐकायला कुणालाच बरं वाटत नाही.

मग मी यादीत नसलेली पानं विचारली. बसचा ड्रायव्हर आणि क्लीनर, फोटो-व्हिडिओवाली माणसं, सनई-चौघडा, सजावटवाले, हॉलचे कामगार, नवरीला तयार करायला आलेली ताई आणि तिची मदतनीस. ही वीस पानं. यांची नावं कुणाच्याच वहीत नसतात, पण ती माणसं दिवसभर राबलेली असतात आणि शेवटी उरलंसुरलं त्यांच्या वाट्याला येणं मला पटत नाही. म्हणून एकूण २७५.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय काकांचाच: तीनशे पानांची हमी, तेवीस पदार्थ. दर पानाला ४३० रुपये. माणसं कमी आली तरी तीनशेचे पैसे द्यायचे, कारण हमी म्हणजे हमी.

दुसरा, कंत्राट न देता आचारी लावायचा आणि शिधा स्वतः भरायचा. यात पैसे वाचतात हे खरं. पण किराणा, भाजी, दूध, गॅस, भांडी, वाढपी हे सगळं घरच्यांच्या अंगावर येतं, आणि त्यांना तर आदल्या दिवशी कोल्हापूरला असायचं होतं. तो पर्याय तिथेच मागे पडला.

तिसरा मी मांडला. हमी २६० पानांची, वर दहा टक्के म्हणजे २६ पानांपर्यंत त्याच दराने, आणि पदार्थ चौदा. दर ३४०. स्वयंपाक २८६ पानांचा. कच्चा माल मात्र त्याहून जास्त आणून ठेवायचा.

याच बैठकीत पानं मोजायची कशी, हेही ठरवून घेतलं. ताटं पन्नास-पन्नासच्या गठ्ठ्यांनी मोजून बाहेर काढायची, शेवटी उरलेली वजा करायची, मोजणीला घरातलं एक माणूस हजर. वापरलेलं ताट धुऊन पुन्हा मांडायचं नाही. आईच्या ताटात जेवणाऱ्या लहान मुलाचं पान धरायचं नाही. हे आधी बोललं नाही, तर रात्री अकरा वाजता वाद होतो आणि तो वाद कार्याच्या आठवणीला चिकटून राहतो.

काय ठरलं

पदार्थ कमी करताना वहिनींना वाईट वाटलं. मी त्यांना एवढंच विचारलं, की कोणता पदार्थ नसला तर पाहुणा तुम्हाला विचारेल? डोशाबद्दल कुणी विचारणार नव्हतं, आणि डोशाच्या एका तव्यापुढे रांग लागली की बाकीचा हॉल अडतो. चाट, पावभाजी, मंचुरियन, सूप गेलं. डिसेंबरची थंडी म्हणून आइस्क्रीम आणि मठ्ठा गेला, त्याऐवजी गरम टोमॅटोचं सार आलं. गोडात श्रीखंड आणि गुलाबजाम राहिले. शेवटची यादी अशी: बटाटेवडा, सार, पुरी, पनीरची भाजी, बटाट्याची पिवळी भाजी, मटकीची उसळ, पुलाव, साधा भात, वरण, कोशिंबीर, पापड, लोणचं आणि दोन गोड.

भातावरून काकांशी जरा वाद झाला. “शंभर माणसाला दहा किलो तांदूळ, आमच्या वडिलांपासून हाच हिशेब,” ते म्हणाले. हिशेब चुकीचा नाही, पण तो पंगतीचा आहे. पंगतीत आधी वरणभात, मग मसालेभात, शेवटी ताकभात. तिथे माणशी शंभर ग्रॅम तांदूळ लागतो. बुफेत आधी वडा खाल्ला जातो, मग पुऱ्या होतात आणि माणूस भाताकडे वळतो तेव्हा त्याची भूक निम्मी झालेली असते. मी माणशी ६५ ग्रॅम धरला. साडेअठरा किलो तांदूळ, त्यातला बारा किलो पुलावाला आणि साडेसहा साध्या भाताला. शिजल्यावर तांदूळ वजनाने साधारण पावणेतीन पट होतो, म्हणजे माणशी पावणेदोनशे ग्रॅम भात. बुफेला तो पुष्कळ होतो.

पुऱ्या माणशी चार. किलोभर कणकेच्या साठेक पुऱ्या होतात, म्हणून एकोणीस किलो पीठ. पनीर माणशी ५० ग्रॅम, चौदा किलो. श्रीखंड ८० ग्रॅमने तेवीस किलो. गुलाबजाम साडेचारशे. पनीर असलं की लोक बटाट्याच्या भाजीला फारसा हात लावत नाहीत, म्हणून बटाटा माणशी फक्त ३५ ग्रॅम धरला, दहा किलो. वरणाला तूरडाळ १५ ग्रॅमने चार किलो.

आता माझी चूक. मार्गशीर्षातल्या गुरुवारी बऱ्याच घरांत बायका महालक्ष्मीचं व्रत करतात. दिवसभर उपवास, संध्याकाळी पूजा-आरती आणि मग नैवेद्य दाखवून उपवास सोडायचा. मी विचार केला, की कॉलनीतल्या वीसेक बायका घरीच उपवास सोडून येतील, इथे नुसतं गोड खातील. म्हणून वरण आणि बटाटा मी मुद्दाम हात आखडून धरला. वहिनींना एका वाक्यात विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. मी विचारलं नाही.

एक गोष्ट मात्र नेहमीप्रमाणे केली. वाढीव अंदाज शिजवून ठेवला नाही. चार किलो तांदूळ, किलोभर डाळ आणि तीन किलो कणीक बाजूला ठेवली, कुकर मोकळा ठेवला, एका शेगडीवर पाणी उकळतं ठेवलं. शिजवलेलं अन्न उरलं की त्याचं काहीतरी करावंच लागतं. कोरडा तांदूळ दुसऱ्या दिवशीही तांदूळच असतो.

प्रत्यक्ष संध्याकाळ

साडेसातला जेवण सुरू झालं. माझा मुकादम दर अर्ध्या तासाला दोनच गोष्टी बघतो: किती ताटं गेली आणि प्रत्येक पातेलं किती उतरलं. ताटं निम्मी गेली असतील तर पातेलंही निम्मं उतरलेलं हवं. जे पातेलं ताटांच्या पुढे पळतं, ते संपणार. जे मागे राहतं, ते उरणार. यापेक्षा मोठं शास्त्र यात नाही, पण हे बघायला एक माणूस लागतो आणि त्याच्या हातात डाव देऊन चालत नाही.

सव्वाआठला ११० ताटं गेली होती. सगळी पातेली बरोबरीने उतरत होती. साडेआठला कोल्हापूरची बस आली, बेचाळीस माणसं एकदम. अडीच-तीन तासांचा प्रवास करून आलेली, भुकेली. पाठोपाठ कॉलनीतल्या बायका घोळक्याने आल्या. नुकतीच आरती करून निघालेल्या, कपाळावर ताजं हळदीकुंकू. त्यांच्यातली एकही घरी जेवलेली नव्हती. शेजारच्या घरच्या कार्याचं बोलावणं असताना घरी कोण स्वयंपाक करत बसेल! देवीला दुधाचा आणि फळांचा नैवेद्य दाखवून त्या उपवास सोडायला आमच्याकडेच आल्या होत्या.

आणि उपवास सोडताना कांदा-लसूण त्यांना चालत नव्हता. पनीरच्या रश्श्यात दोन्ही, उसळीत दोन्ही, पुलावावर तळलेला कांदा. म्हणजे चौदा पदार्थांमधून त्यांना जेवायला उरली पुरी, बटाट्याची भाजी, वरणभात, कोशिंबीर आणि गोड. बटाट्याची भाजी आम्ही नैवेद्याच्या पानासाठी म्हणून बिनकांद्याची केली होती, एवढंच नशीब.

आठ पन्नासला मुकादम माझ्याकडे आला. ताटं १९०, म्हणजे दोन तृतीयांश. पनीर निम्म्यावर, पुलाव निम्म्याच्या वर शिल्लक. वरण आणि बटाटा पाच भागांतला एक भाग उरलेला. मी आत जाऊन डाळ कुकरला लावायला सांगितली आणि बाजूचा तांदूळ उकळत्या पाण्यात टाकला. बटाटा जादा आणलेला नव्हता. पण वड्यांचं सारण आम्ही दोन घाण्यांत करतो, आणि दुसऱ्या घाण्याचे चार किलो उकडलेले बटाटे अजून लसूण-मिरचीचं वाटण न लावता परातीत पडलेले होते. ते हळद, मोहरी, कढीपत्त्याच्या फोडणीत घालून भाजी केली. वडे कमी पडले तर पडू देत, असं ठरवलं. त्या वेळी वड्यांकडे कुणी वळतही नव्हतं.

भाजी वेळेत पोचली. वरण नऊ पाचला संपलं आणि नवं यायला सव्वानऊ झाले. त्या दहा मिनिटांत एक म्हाताऱ्या काकू काउंटरपाशी उभ्या होत्या. ताटात दोन पुऱ्या, श्रीखंडाची वाटी आणि पांढऱ्या भाताची छोटी मूद. दुसऱ्या हाताने पदर सावरलेला. “वरण येतंय ना रे बाळा? मी थांबते, गोडावर उपवास सोडला की मला पित्त होतं,” त्या म्हणाल्या. वाढपी पोरगा त्यांच्यासाठी खुर्ची घेऊन आला. त्या बसल्या नाहीत. रांगेतली जागा जाईल असं त्यांना वाटलं असावं. वरण आल्यावर मी स्वतः त्यांच्या भातावर वाढलं, वर तूप सोडलं. त्या काहीच बोलल्या नाहीत, पण त्यांचं ते दहा मिनिटं उभं राहणं माझ्या मनातून गेलेलं नाही.

निकाल

शेवटी २८१ ताटं भरली. अंदाज २७५ चा होता, त्यामुळे आकडा म्हणाल तर जमला. बिल २८१ पानांचं, ९५,५४० रुपये झालं. काकांच्या पहिल्या हिशेबाने ते १,२९,००० झालं असतं.

पदार्थांचा हिशेब मात्र जमला नव्हता. शिजलेला पुलाव आठेक किलो उरला आणि पनीरची भाजी पाचव्या हिश्श्याने. श्रीखंड संपलं, तेही बरोबर शेवटी. वरण आणि बटाटा जादा करूनही पातेली पुसली गेली. मी दर कार्यानंतर खरकट्याच्या बादल्यांत डोकावतो, कारण खरा अभिप्राय तिथे असतो. त्या रात्री तिथे गोड जवळजवळ नव्हतं, पुऱ्या थोड्या, आणि पनीरचा रस्सा भरपूर. लोकांनी तुकडे खाऊन रस्सा टाकला होता.

जे पातेल्यात, शेगडीवर गरम राहिलं होतं, तेवढंच एका विद्यार्थी वसतिगृहात पाठवलं. त्यांना दुपारीच फोन करून ठेवला होता. काउंटरवर उघडं राहिलेलं आम्ही कुणालाच देत नाही, कोशिंबीर तर मुळीच नाही. शिजवल्यापासून चार तासांच्या आत समोरच्याच्या पानात पडणार नसेल, तर भात पाठवूच नये असं मी मानतो. भात आंबल्याचा वास यायच्या आधीच तो बाधणारा झालेला असू शकतो.

पुन्हा करायचं झालं तर

पाहुण्यांची संख्या मी तशीच काढीन. बदलेन ते पदार्थनिहाय माप. त्या दिवशी साधारण पंचवीस-तीस पानं कांदा-लसूण न खाणारी होती. त्यांच्यासाठी वरण, साधा भात आणि बटाटा माणशी दुप्पट धरायला हवं होतं. म्हणजे सगळा मिळून किलो-दीड किलो बटाटा आणि अर्धा किलो डाळ एवढाच फरक. बाकीचा खप वाढला तो बसमुळे. प्रवासातून आलेली माणसं तळलेल्या-मसालेदारापेक्षा वरणभाताकडे वळतात, हे मला ठाऊक होतं, पण मापात धरलं नव्हतं. पनीर माणशी चाळीस ग्रॅम पुरलं असतं. पुलाव दहा किलो तांदळाचा बस होता, आणि त्यावरचा तळलेला कांदा वेगळ्या वाटीत ठेवला असता, तर उपवासवाल्यांनाही तो चालला असता.

बाजूला ठेवलेला माल कधी शिजवायला घ्यायचा, हेही चुकलं. आम्ही पातेलं उतरण्याची वाट पाहिली. बस दारात लागली त्या क्षणीच, साडेआठला, कुकर लावला असता तर ती दहा मिनिटं आली नसती. डाळ शिजून, घोटून, फोडणी होऊन काउंटरवर यायला पंचवीस मिनिटं लागतात. म्हणजे निर्णय पातेलं बघून नाही, दार बघून घ्यायला हवा. आता दाराशी एक पोरगा असतो, आणि दहापेक्षा जास्त माणसं एकदम आली की तो आत सांगतो.

एका निर्णयाबद्दल माझं अजून पक्कं मत झालेलं नाही. तीन दिवस आधी काकांना पुन्हा फोन करून आकडा विचारावा, हा माझा नियम आहे, आणि मी केलाही. ते म्हणाले, “तेच धरा.” त्यांच्या घरात तेव्हा लग्नाची धांदल होती. मी वहिनींना फोन द्यायला सांगायला हवं होतं का? बहुतेक हो. माणसं किती येणार हे काकांना माहीत होतं. ती घरून काय खाऊन येणार, हे त्यांना माहीत नव्हतं.

माझ्या ऑर्डरच्या वहीत पूर्वी चार रकाने होते: तारीख, वेळ, पानं, पदार्थ. आता तारखेच्या खाली पाचवा आहे, ‘त्या दिवशी काय आहे?’ तो रकाना मी घरातल्या बाईला विचारूनच भरतो. संकष्टी असेल तर चंद्रोदयाची वेळ लिहितो, श्रावण सोमवार असेल तर तसं, आणि मार्गशीर्षातला गुरुवार असेल तर समोर दुसऱ्या शाईत: ‘वरणाचं दुसरं पातेलं.’